सिम्पोझियमच्या प्रेझेंटर्सना मेल पाठवायचाय, वेळ आणि प्रश्नांच्या फेऱ्या त्यात कशा लिहू?

रावपुरा_मृ

नमस्कार सगळ्यांना. मी बडोद्यात एम.ए. इतिहासच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या डिपार्टमेंटचं एक दिवसाचं सिम्पोझियम आहे, विषय बडोदा संस्थानातलं शिक्षण, आणि सकाळच्या सेशनची मॉडरेटर मी आहे. सेशन ११ ते १२:३०, चार प्रेझेंटर. दोन पीएचडी करणारे, एक सुरतहून येणारे लेक्चरर आणि एक माझ्याच वर्गातली मैत्रीण जी पहिल्यांदाच पेपर वाचणार आहे. कार्यक्रमाला बारा दिवस आहेत आणि या चौघांना वेळ आणि प्रश्नोत्तरांबद्दलचा मेल मी लिहायचाय. मेल इंग्रजीतून जाणार, पण विचार मराठीतच होतो म्हणून इथे मराठीत टाकते:

"आदरणीय महोदय/महोदया, आपणांस सादरीकरणासाठी २० मिनिटे देण्यात येतील. सर्व सादरीकरणे झाल्यावर प्रश्नोत्तरांचे सत्र होईल. कृपया वेळेचे भान ठेवावे ही नम्र विनंती."

हे वाचून मलाच समाधान नाही. गेल्या वर्षी एका सेमिनारला मी मागे बसले होते. आधीचे तिघे लांबले आणि चौथ्या मुलीला सात मिनिटं उरली. ती उभी राहिली तेव्हा तिच्या हातात स्टेपल केलेली पानं होती आणि अंगठा मधल्या कुठल्यातरी पानात घालून ठेवलेला, म्हणजे कुठून उडी मारायची ते तिने खुर्चीत बसल्या बसल्याच ठरवलं होतं. प्रश्न एकही झाला नाही, सरळ आभार. माझ्या सेशनला असं होऊ नये एवढीच इच्छा आहे. मेलमध्ये काय लिहिलं तर फरक पडेल?

प्रश्नचिन्ह

वा, प्रश्नांच्या फेऱ्या म्हटल्यावर मी धावतच आलो. आम्ही सोसायटीत दर वर्षी घेतो. पहिली फेरी सोपी ठेवा, दुसरी बझरची, आणि पास झालेल्या प्रश्नाला अर्धे गुण हे आधीच जाहीर करा नाहीतर भांडणं होतात. टाय झाला तर काय हेही लिहा.

रावपुरा_मृ

दादा, क्विझ नाही हो. पेपर वाचल्यावर ऐकणारे प्रेझेंटरला प्रश्न विचारतात ती फेरी. पण टायचं काय हे आधी लिहून ठेवा ही गोष्ट मला इथेही लागू वाटते, उशीर झाला तर काय हे आम्ही कुठेच लिहिलेलं नाहीये.

दांडियाबाजारकर

मी गणेशोत्सवात वक्तृत्व स्पर्धा वीस वर्षं घेतोय, त्या अनुभवावरून सांगतो. मेल कितीही सुंदर लिहा, माणूस माइकसमोर गेला की मेल विसरतो. घंटी ठेवा. १८ मिनिटांना एक, २० ला दोन, माइक बंद. आणि प्रश्न सगळे शेवटी एकदम घ्या, दर वेळी मध्ये थांबलात तर वेळ जातो. तुमचं शेवटी सत्र ठेवायचं बरोबरच आहे.

सुरसागर_काठ

मृ, मी तीसेक वर्षं शिकवलं, सेशन चेअर म्हणून कितीतरी वेळा बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी साधा हिशेब कर. ९० मिनिटं आहेत. चार जणांना २० म्हणजे ८० गेली. आता एकाने खाली उतरायचं, दुसऱ्याने वर यायचं, तू त्याची दोन वाक्यांत ओळख करून द्यायची, पडद्यावर त्याची फाइल उघडायची, याला दोन मिनिटं लागतातच. चार वेळा दोन म्हणजे आठ. झाली ८८. तुझं सुरुवातीचं बोलणं आणि शेवटचे आभार धरले की ९० संपली. म्हणजे सगळे अगदी घड्याळावर बोलले तरी तुझ्या मेलमधल्या त्या प्रश्नोत्तरांच्या सत्राला शून्य मिनिटं आहेत. कुणी लांबलं म्हणून प्रश्न बुडत नाहीत, ते कागदावरच बुडालेले असतात. गेल्या वर्षी जे तू पाहिलंस त्यात त्या तिघांचा दोष असेलही, पण बराचसा दोष वेळापत्रक करणाऱ्याचा असणार.

दुसरी गोष्ट, "२० मिनिटे" यात प्रश्न धरलेत की नाही? तुझ्या मनात नाही, पण सुरतच्या लेक्चररांच्या मनात काय आहे तुला माहीत नाही. काही ठिकाणी २० म्हणजे १५ अधिक ५ असा रिवाज आहे, काही ठिकाणी नाही. नुसता एक आकडा लिहिला की दोन अर्थ निघणारच. बोलायची मिनिटं वेगळी आणि प्रश्नांची वेगळी, दोन आकडे लिही.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. मेलमध्ये हे लिहायला हवं की जास्त घेतलेला वेळ कुणाच्या खात्यातून जाणार. "भान ठेवावे" यात ते नाही. दांडियाबाजारकर म्हणतात तसं सगळे प्रश्न शेवटी ठेवले की पहिला माणूस पाच मिनिटं जास्त बोलला तरी त्याचं स्वतःचं काही जात नाही, सगळ्यांच्या सामायिक डब्यातून जातं. मग तो कशाला थांबेल? वाईट माणूस असतो असं नाही, त्याला तोटा दिसतच नाही. तेच प्रत्येकाच्या बोलण्याला लागूनच त्याचे स्वतःचे प्रश्न ठेवले की जास्तीचं मिनिट त्याच्याच प्रश्नांतून कापलं जातं आणि ते त्याला समोर दिसतं.

इंदूरची_सून

सुरसागरकाका, हे माझ्याशी झालंय अगदी. दोन वर्षांपूर्वी एका कॉन्फरन्सला माझा पहिला नंबर होता आणि प्रश्न सगळे शेवटी. माझ्यानंतर तिघं बोलले, मग प्रश्न सुरू झाले आणि सगळेच्या सगळे प्रश्न शेवटच्या सरांना. लोकांना तेच ताजं आठवत होतं ना. मी तासभर वही उघडून बसले होते, तीन संभाव्य प्रश्नांची उत्तरं लिहून आणली होती, एकही आला नाही. परत येताना ट्रेनमध्ये आईचा फोन आला कसं झालं म्हणून, तर काय सांगावं कळेना, चांगलं झालं की वाईट हेच कळायला मार्ग नव्हता. मृ, तुझी मैत्रीण पहिल्यांदा वाचतेय म्हणालीस, तिला पहिल्या नंबरवर टाकू नकोस गं.

दांडियाबाजारकर

हे मान्य, सामायिक डब्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. स्पर्धेत प्रश्न नसतात त्यामुळे. पण तरी एक विचारतो काका, प्रत्येकामागे पाच पाच मिनिटं प्रश्नांना दिली तर चौघांचे विषय एकमेकांशी जोडून कोणी काही विचारणारच नाही. विषय एकच आहे ना सगळ्यांचा?

सुरसागर_काठ

बरोबर, आणि शेवटच्या फेरीचा खरा फायदा तोच आहे. म्हणून दोन्ही ठेवायच्या, पण वेगवेगळ्या कामासाठी. बोलून झाल्या झाल्या दोन मिनिटांची छोटी फेरी, तिच्यात फक्त समजून घ्यायचे प्रश्न. आणि शेवटी सामायिक मोठी फेरी, तिच्यात चर्चा.

उदाहरण देतो. समजा कोणीतरी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणावर बोललं. सयाजीरावांनी ते आधी १८९३ मध्ये अमरेलीकडे करून पाहिलं आणि १९०६ मध्ये संस्थानभर लागू केलं. "तुमच्या तक्त्यातले आकडे १८९३ पासूनचे की १९०६ नंतरचे?" हा छोट्या फेरीचा प्रश्न. दहा सेकंदांत विचारून होतो, वीस सेकंदांत उत्तर. आणि तो शेवटपर्यंत ठेवला तर उपयोग नाही, कारण तोवर माणूस तो तक्ता चुकीचा समजून पुढचं सगळं ऐकत बसतो. पण "मुलं शाळेत आली नाहीत तर पालकांना दंड करायचे, मग शेतावर राबणाऱ्या घरांना हा कायदा कसा वाटला असेल" हा मोठ्या फेरीचा प्रश्न. त्याला दुसरा प्रेझेंटरही उत्तर देऊ शकतो ज्याने मुलींच्या शाळांवर काम केलंय.

मेलमध्ये या दोन फेऱ्यांचा फरक असा एकेका उदाहरणाने सांग. व्याख्या देऊ नकोस, उदाहरण दे, तेच लक्षात राहतं.

आता पुन्हा हिशेब. बोलणं १२, छोटी फेरी २, अदलाबदल आणि ओळख २. एका माणसामागे १६, चौघांचे ६४. तुझी सुरुवात आणि शेवट मिळून ४. उरले २२. एक प्रश्न आणि त्याचं उत्तर याला नीट चाललं तर तीन मिनिटं धर. म्हणजे मोठ्या फेरीत सात प्रश्न. पहिले चार प्रत्येकी एक असे वाटून दे, उरलेले तीन मोकळे.

नवापुरा

१२ मिनिटं? काका, आदर आहे पण हे पटत नाही. सुरतहून माणूस सकाळची गाडी पकडून येणार, सहा महिने दप्तरखान्यात धूळ खाल्लेला पेपर, आणि १२ मिनिटांत गुंडाळा? इतिहासात पुरावा दाखवावा लागतो, पत्रातला उतारा वाचून दाखवावा लागतो. विज्ञानवाल्यांसारखा एक ग्राफ दाखवून खाली बसता येत नाही. १५ तरी द्या.

सुरसागर_काठ

१५ दिले तर एकामागे १९, चौघांचे ७६, अधिक ४ म्हणजे ८०. उरतात दहा. तीन प्रश्न. चार माणसं आणि तीन प्रश्न, म्हणजे एकाला मिळणार नाही हे आजच नक्की. हे मान्य असेल तर १५ ठेवा, चूक नाही ते. मी १२ घेईन. उताऱ्याचं म्हणाल तर तो छापून वाटता येतो, ऐकणाऱ्याच्या हातात कागद असला की वाचायला वेळ लागत नाही.

नवापुरा

छापून वाटायची सूचना चांगली आहे. पण १२ ला माझा विरोध राहीलच. मी स्वतः असा अर्धा पेपर गिळून परत आलोय.

रावपुरा_मृ

एक अडचण आहे. पीएचडीवाल्या दोघांना मॅडमनी आधीच तोंडी २० मिनिटं सांगितलीयेत. आता मी १२ लिहिलं तर त्यांना वाटेल मीच कमी केली. आणि नवापुरा काका म्हणतात ते सुरतच्या सरांबद्दल मलाही वाटतंच.

सुरसागर_काठ

मग मेल पाठवायच्या आधी मॅडमना हा हिशेब कागदावर मांडून दाखव आणि त्या दोघांना त्यांनीच फोन करू दे. विद्यार्थी मॉडरेटरने सीनियरची वेळ मेलमधून कापायची नाही, दुखावले जातात लोक आणि त्याचा राग तुझ्यावर निघतो. फोन झाला की तुझा मेल हा फक्त ठरलेलं लेखी कळवणारा मेल होतो. आणि हे आज उद्यात कर. २० मिनिटांचा पेपर १२ चा करायचा म्हणजे पानं गाळणं नसतं, एक अख्खा मुद्दा काढून टाकून बाकीचा पुन्हा बांधावा लागतो. त्याला चार पाच दिवस लागतात. आदल्या रात्री मेल गेला तर माणूस तेच २० मिनिटांचं घाईघाईने वाचतो.

खंडेराव_मार्केट

उशिरा येतोय धाग्यावर. मी पीएचडी करतोय, दुसऱ्या डिपार्टमेंटला, आणि आमच्याकडे सिम्पोझियमचा लॅपटॉप कायम माझ्याकडे असतो म्हणून त्याबद्दल लिहितो. काकांनी अदलाबदलीला दोन मिनिटं धरलीत, ती तेव्हाच खरी होतात जेव्हा चारही फाइली आधीच एका लॅपटॉपवर असतील. प्रत्येकाने आपला पेनड्राइव्ह आणला किंवा आपला लॅपटॉप जोडला तर पाच पाच मिनिटं सहज जातात, केबल बसत नाही, पडद्यावर चित्र येत नाही, सगळे उठून उभे. तेव्हा मेलमध्ये लिही की फाइल आदल्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत पाठवा. आणि पॉवरपॉइंटबरोबर त्याची पीडीएफही पाठवा, हे तर ठळक लिही. आपल्याकडे गुजराती मराठी मजकूर अजून जुन्या फॉन्टात टाइप केलेला असतो, दुसऱ्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की अख्खी स्लाइड उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं होऊन बसते. पीडीएफमध्ये सहसा जसं दिसतं तसंच राहतं.

अजून एक, प्रश्नांच्या फेरीसाठी. कोणी विचारलं की तो नकाशा परत दाखवा, तर लोक मागे मागे मागे जात बसतात, पंधरा स्लाइडी उलट्या, सगळी सभा बघतेय. पॉवरपॉइंट फुल स्क्रीनवर असताना स्लाइडचा नंबर टाइप करून Enter दाबलं की थेट त्या स्लाइडवर जातं. ९ आणि Enter, झालं. मेलमध्ये एवढंच लिही की महत्त्वाच्या दोन तीन स्लाइडींचे नंबर कागदावर लिहून ठेवा.

स्लाइडींचा हिशेब एका मिनिटाला एक असा धरतात तोही सांगून टाक.

सुरसागर_काठ

तो एका मिनिटाला एक हा हिशेब मी लिहिणार नाही. नाव आणि सालाची स्लाइड दहा सेकंदात जाते, संस्थानच्या तुकड्या तुकड्यांत पसरलेल्या मुलखाचा नकाशा दाखवायला तीन मिनिटं लागतात. बाकी सगळं अनुमोदन. आणि जे वाचून दाखवणार आहेत त्यांच्यासाठी वेगळा हिशेब आहे. इंग्रजी पेपर समजेल असा वाचला तर मिनिटाला साधारण १३० शब्द होतात, म्हणजे १२ मिनिटांत साडेपंधराशे. डबल स्पेसिंगमध्ये पानाला अडीचशे शब्द धरले तर सहा पानं. "१२ मिनिटे" वाचून कोणी काही बदलत नाही, "सहा पानं" वाचलं की माणूस आपली पानं मोजतो. आपली अकरा आहेत हे बघितल्यावर त्याला आपोआप कळतं.

इंदूरची_सून

सहा पानांचं वाक्य मला कुणी आधी लिहिलं असतं तर! मी नेहमी घरी मनातल्या मनात वाचून वेळ लावायचे, आणि मोठ्याने वाचायला जास्त वेळ लागतो हे तिथे उभं राहिल्यावर कळायचं.

प्रश्नचिन्ह

आता कळलं काय चाललंय ते. मग माझा टायवाला प्रश्न परत विचारतो, उद्घाटन लांबलं तर काय? दीपप्रज्वलन, शाल श्रीफळ, पाहुण्यांचं भाषण, ११ ला तुमचं सेशन सुरू होईल असं खरंच वाटतं का?

रावपुरा_मृ

नाही वाटत. गेल्या वर्षी २० मिनिटं उशीर झाला होता.

सुरसागर_काठ

हा प्रश्न अगदी मोक्याचा विचारलात. उशीर झाल्यावर मंचावर उभं राहून "कृपया थोडक्यात घ्या" म्हणायचं याला अर्थ नसतो, कारण प्रत्येकाला थोडक्यातचा आपापला अर्थ लागतो आणि पहिला माणूस तर आपली तयारी सोडतच नाही. नियम मेलमध्येच असावा. माझा असा राहील: दहा मिनिटांपर्यंत उशीर झाला तर तो मोठ्या फेरीतून जाईल. २२ मधून १० गेले तर १२ उरतात, म्हणजे चार प्रश्न, प्रत्येकी एक. तिथे थांबायचं. त्याहून उशीर झाला तर सगळ्यांचं बोलणं १२ वरून १० वर येईल, पहिल्याचंही. १५ मिनिटं उशीर धर: दोन दोन मिनिटं कापल्यावर आठ परत मिळाली, मोठ्या फेरीला १५ उरली, पाच प्रश्न. २० मिनिटं उशीर झाला तर बोलणं कापूनही मोठ्या फेरीला दहाच उरतात, तेव्हा छोट्या फेऱ्याही सोडायच्या, मग १८ होतात.

म्हणून मेलमध्ये एक वाक्य हवं: आपल्या पेपरातला दोन मिनिटांचा असा एक भाग आधीच पेन्सिलीने कंसात ठेवा जो काढला तरी पेपर उभा राहील. त्या मुलीने अंगठा घालून जे खुर्चीत ठरवलं ते घरी शांतपणे ठरवायला मिळालं पाहिजे.

दांडियाबाजारकर

मग घंटी नकोच म्हणता?

सुरसागर_काठ

घंटीने ऐकणाऱ्यांचंही लक्ष तुटतं आणि बोलणारा दचकतो. कार्ड बरी. तीन मिनिटं राहिली, एक राहिलं, वेळ संपली, अशी तीन, मोठ्या अक्षरात. पहिल्या रांगेत बोलणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत कोणीतरी बसवायचं आणि त्याने मान हलवेपर्यंत कार्ड खाली घ्यायचं नाही. वेळ ओळखीपासून नाही, त्याच्या पहिल्या वाक्यापासून मोजायची, हेही मेलमध्ये लिही. तिसऱ्या कार्डानंतर जे चालेल ते त्याच्या छोट्या फेरीच्या दोन मिनिटांतून. अर्ध्या मिनिटाने मृ, तू जागेवरून उभी राहा, काही बोलू नकोस. उभं राहणं पुरतं बहुतेकांना. दोन मिनिटं संपली की माइकवर ये आणि आभार मान. मेलमध्ये हे लिहिलेलं असलं की तुझं उभं राहणं उद्धटपणा वाटत नाही.

खंडेराव_मार्केट

प्रेझेंटरना सगळं सांगून झालं, पण वेळ खाणारे अर्धे तर ऐकणारे असतात. "माझा प्रश्न नाही, एक छोटी टिप्पणी आहे" म्हणून सहा मिनिटं. त्यांना मेल जात नाही.

सुरसागर_काठ

खरंय. त्यासाठी मेलमधल्याच त्या दोन ओळी सेशन सुरू होताना सभागृहातही वाचायच्या, प्रश्न अर्ध्या मिनिटात, एका वेळी एकच, कोणासाठी आहे ते आधी सांगा. आणि प्रेझेंटरना मेलमध्ये सांगून ठेवायचं की लांब टिप्पणी आली तर तिला पूर्ण उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही, "नोंद घेतली, नंतर बोलू" पुरे आहे. नवीन मुलांना हे कोणी सांगितलेलं नसतं, ती प्रत्येक वाक्याला उत्तर द्यायला जातात.

इंदूरची_सून

अजून एक गोष्ट सुचवू? मोठ्या फेरीत पहिला हात मुलीचा किंवा विद्यार्थ्याचा घे. २०१८ मध्ये प्लॉस वनमध्ये एक अभ्यास आला होता, दहा देशांतले जवळपास अडीचशे सेमिनार बसून पाहिले होते. बायका पुरुषांपेक्षा बरेच कमी प्रश्न विचारतात आणि जिथे पहिला प्रश्न पुरुषाचा होता तिथे तो फरक आणखी वाढलेला दिसला.

नवापुरा

त्याने पहिल्या प्रश्नामुळेच तसं होतं हे सिद्ध होत नाही ना. जिथे मुळात पुरुषच बोलतात तिथे पहिलाही पुरुषच असणार.

इंदूरची_सून

सिद्ध होतं असं मी म्हणत नाही. पण करून बघायला खर्च शून्य आहे.

रावपुरा_मृ

मॅडमशी बोलले. त्यांनी कागद दोनदा बघितला, ९० मिनिटांत शून्य उरतात हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं म्हणाल्या, आणि समोरच दोघांना फोन लावला. १२ मान्य झाले. सुरतच्या सरांशीही त्याच बोलल्या, ते जरा नाराज आहेत पण उतारे छापून वाटायला मिळतील म्हटल्यावर हो म्हणाले. मैत्रिणीचा नंबर तिसरा लावलाय. हा मेल आता, बघा:

"नमस्कार. मी सकाळच्या सेशनची मॉडरेटर, एम.ए.ची विद्यार्थिनी. सेशन ११ ते १२:३०.

आपल्याला बोलायला १२ मिनिटं आहेत, यात प्रश्न धरलेले नाहीत. वेळ आपल्या पहिल्या वाक्यापासून मोजली जाईल. पेपर वाचून दाखवणार असाल तर डबल स्पेसिंगची साधारण सहा पानं होतात. तीन मिनिटं आणि एक मिनिट उरल्यावर आणि वेळ संपल्यावर समोरून कार्ड दाखवलं जाईल.

लगेच आपल्यालाच २ मिनिटं प्रश्न, फक्त समजून घेण्याचे, उदा. हा तक्ता कोणत्या सालापासूनचा आहे. बोलणं लांबलं तर ते या २ मिनिटांतून जाईल, पुढच्या वक्त्याच्या वेळेतून नाही. चौघांचं झाल्यावर २२ मिनिटं सामायिक चर्चा, उदा. दंडाचा परिणाम कोणत्या घरांवर झाला. तिथे पहिला प्रश्न पहिल्या वक्त्याला आणि मग क्रमाने, प्रत्येकाला एक प्रश्न नक्की मिळेल, मग मोकळे. उत्तर दीड दोन मिनिटांत द्यावं. लांब टिप्पणीला पूर्ण उत्तर देणं आवश्यक नाही.

सुरुवातीला दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर सर्वांचं बोलणं १० मिनिटांचं होईल, म्हणून दोन मिनिटांचा एक भाग आधीच बाजूला काढता येईल असा ठेवावा. वीस मिनिटं उशीर झाला तर छोट्या फेऱ्या होणार नाहीत, चर्चा होईल.

फाइल आणि तिची पीडीएफ आदल्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत पाठवावी. वाटायचे उतारे असतील तर तेही, प्रती आम्ही काढू. मेल मिळाल्याचं आणि १२ मिनिटांत बसत असल्याचं एका ओळीत कळवाल का?"

सुरसागर_काठ

छान झालाय. शेवटची ओळ फार चांगली. जो उत्तर देणार नाही तोच लांबणार असतो, त्याला दोन दिवस आधी फोन कर. एकच गोष्ट राहिली. प्रश्न विद्यार्थ्याला विचारला आणि उत्तर पहिल्या रांगेतून गाइडने दिलं तर काय?

खंडेराव_मार्केट

हे तर प्रत्येक वेळी होतं. पण मेलमध्ये कसं लिहिणार? "उत्तर वक्त्यानेच द्यावं" लिहिलं की गाइडला लागलंच समजा.

नवापुरा

लिहू नये. गाइडने कधी कधी वाचवलेलंही असतं, पोरगं गोंधळून गप्प झालं की. मला वाचवलंय.

इंदूरची_सून

आणि कधी पोराला उत्तर येत असताना हातातून काढून घेतलेलंही असतं. लिहावं असं मला वाटतं.

रावपुरा_मृ

काल झालं सिम्पोझियम, म्हणून सांगायला आले.

मेलला तिघांचं उत्तर दोन दिवसांत आलं होतं, एका पीएचडीवाल्या दादांचं नाही, त्यांना फोन केला तर म्हणाले चौदा पानं आहेत. मग आम्ही फोनवरच कुठलं काढायचं ते बोललो. उद्घाटनाला पंधरा मिनिटं उशीर झाला. मी सुरुवातीलाच सांगितलं की मेलप्रमाणे आता प्रत्येकी १० मिनिटं, आणि चौघांनीही मान हलवली, कोणी काही म्हणालं नाही. सुरतच्या सरांनी कंसातला भाग खरंच सोडला, "हा भाग आपल्या हातातल्या कागदावर आहे" म्हणून पुढे गेले. फोनवाले दादा मात्र लांबले. मी उभी राहिले, त्यांनी बघितलं, तरी चालूच, शेवटी त्यांची छोटी फेरी पूर्ण गेली आणि नंतर चहाच्या वेळी ते म्हणाले मला कुणी काही विचारलंच नाही तेव्हा. मोठ्या फेरीत मिळाला त्यांना एक प्रश्न.

मोठ्या फेरीत पाच होतील असा हिशेब होता, चार झाले, कारण एका प्राध्यापकांची टिप्पणी लांबली आणि मला त्यांना थांबवायचं धाडस झालं नाही. पहिला प्रश्न एफ.वाय.च्या एका मुलीचा घेतला. त्यानंतर अजून एका मुलीने विचारला, पण त्यावरून काही म्हणता येणार नाही हे नवापुरा काकांचं बरोबर आहे.

गाइडचं मी मेलमध्ये लिहिलं नव्हतं. माझ्या मैत्रिणीला मुलींच्या शाळांबद्दल प्रश्न आला, ती दोन सेकंद थांबली, वही उलटत होती, तेवढ्यात तिच्या गाइडनी मागे वळून उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं. पण तिने मला नंतर वही दाखवली, तेच उत्तर तिने पान १० वर लिहून आणलं होतं.

सुरसागर_काठ

पुढच्या वेळी मॉडरेटरने म्हणायचं, "सर, आधी तिचं ऐकू या." माइक तुझ्या हातात आहे तोवर तुला ते म्हणता येतं. मेलमध्ये लिहावं की नाही हे मलाही अजून ठरवता आलेलं नाही.

नवापुरा

दोन सेकंदांऐवजी दहा थांबून मग गाइडने बोलावं, असं काही लिहिता येईल का?

रावपुरा_मृ

दुपारच्या सेशनचे मॉडरेटर दादा पुढच्या वर्षीसाठी माझाच मेल घेणार आहेत. त्यांना हा धागा पाठवते, गाइडबद्दल अजून कोणाला काही सुचलं तर इथेच लिहा.